हेल्मेट घातलेला परदेशी कामगार आमची बाजू मांडणार नाही

मागच्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर आमच्या विहारात पडद्यावर एक व्हिडिओ दाखवला. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगारांच्या कुटुंबांना मिळायच्या भरपाईवर मी एक लेख लिहिला होता, साधारण 1900 शब्दांचा. शाखेतल्या एका पोराने एका रात्रीत त्याचा व्हिडिओ केला. "ताई, लेख आपलीच माणसं वाचतात, तीपण अर्धा," असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. त्याने लेख जसाच्या तसा वाचून रेकॉर्ड केला, मोफत क्लिपच्या साइटवरून साठ-सत्तर क्लिप उतरवल्या आणि आवाजाखाली एकामागून एक लावल्या. खाली व्हायोलिन. दिसायला व्हिडिओ अगदी टीव्हीवरच्यासारखा झाला होता. पोरं खूश होती.

वस्तीतल्या एक मावशी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचा नवरा चेंबरमध्येच गेला. व्हिडिओ संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे डोक्यावर टोपी आणि तोंडाला मास्क लावलेले लोक कुठले गं? आमच्या यांना तर कुणी हातमोजेपण दिले नव्हते."

या एका प्रश्नावर आमचा अख्खा व्हिडिओ पडला. आवाज सांगत होता की कामगाराला काहीही साधन न देता खाली उतरवलं जातं. चित्र दाखवत होतं की कामगाराला हेल्मेट आहे, कमरेला पट्टा आहे, वर तीन पायांची घोडी आणि दोर आहे, शेजारी पंप आहे. माणूस आधी चित्रावर विश्वास ठेवतो, मग शब्दांवर. म्हणजे पाच-दहा मिनिटं आम्ही आमच्याच खर्चाने ठेकेदाराची बाजू मांडत होतो.

असं का झालं ते नीट बघितलं पाहिजे, कारण आज आपले कितीतरी तरुण कार्यकर्ते हेच करत आहेत. सत्यशोधन अहवाल, शिष्यवृत्तीवरचे लेख, अत्याचाराच्या केसची माहिती, सगळ्याचे व्हिडिओ होत आहेत. झाले पाहिजेत. पण तयार क्लिप शोधायची तर इंग्रजी शब्द टाकावा लागतो. `sewer worker` टाका, युरोप-अमेरिकेतले चकचकीत जॅकेटवाले येतात. `manhole` टाका, वाफ निघणारा न्यूयॉर्कचा रस्ता येतो. ही वाफ तर आणखी घातक आहे. गटारात माणूस मरतो तो बहुतेक वेळा हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूने किंवा ऑक्सिजन कमी पडल्याने. हायड्रोजन सल्फाइडला रंग नसतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची ताकदच जाते, आणि माणसाला वाटतं की आता वास गेला, म्हणजे धोका गेला. मिथेनला तर रंगही नाही आणि वासही नाही. आम्ही धूर-वाफ दाखवून लोकांना शिकवलं की धोका डोळ्यांना दिसतो. ज्यांच्या घरातला माणूस उद्या चेंबरवर उभा राहणार आहे, त्यांना शिकवलं.

लेख टाकला की वाक्यातल्या शब्दांवरून आपोआप क्लिप लावून देणारी ॲप्सही आता मिळतात. ती हेच काम फक्त वेगाने करतात. वाक्यात 'गाव' आलं की बैलगाडी, 'पाणी' आलं की घागर घेतलेली बाई. विहिरीवरच्या त्या सुंदर संध्याकाळच्या क्लिपमध्ये विहीर कोणाची आणि रांगेत कोणाला उभं राहू दिलेलं नाही, हे कॅमेऱ्याने विचारलेलंच नसतं. महाडला 20 मार्च 1927 ला काय झालं हे सांगताना अशी विहीर दाखवणं म्हणजे प्रश्नच पुसून टाकणं आहे.

आता खरा मुद्दा. क्लिपच्या साइटवर जात नसते, गरिबी असते. आपण जातीवर लिहितो आणि चित्र म्हणून गरिबी लावतो, कारण तीच मिळते: फाटका सदरा, झोपडपट्टी, कॅमेऱ्याकडे बघून हसणारं शेंबडं पोर. समाजशास्त्राच्या वर्गात पहिल्याच वर्षी शिकवतात की जात आणि वर्ग एकमेकांत गुंतलेले असले तरी एक नाहीत. व्हिडिओ करताना आपण हे विसरतो. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये 1901 चा स्वतःचा अनुभव लिहिला आहे. वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडं मसूर स्टेशनावर उतरली तेव्हा त्यांचे कपडे उत्तम होते, डोक्यावर झगमगीत टोप्या होत्या. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलं महार आहेत हे कळताच तो मागे सरला. कपडे तेच, चेहरे तेच, पोरं तीच. बदललं फक्त त्याला मिळालेलं उत्तर. हा प्रसंग तुम्ही फाटक्या कपड्यांतल्या मुलाच्या क्लिपवर वाचून दाखवलात, तर ऐकणारा म्हणेल, बिचारा गरीब होता म्हणून त्याला त्रास झाला. आर्थिक निकषावर आरक्षण मागणारा माणूस नेमकं हेच म्हणतो. आपल्याच व्हिडिओतून त्याला पुरावा कशाला द्यायचा?

दुसरं नुकसान पुराव्याचं. खैरलांजीचं हत्याकांड 29 सप्टेंबर 2006 चं, भंडारा जिल्ह्यातलं. त्याबद्दल बोलताना कुठल्या तरी झोपडीची क्लिप लावली, तर बघणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते भोतमांगेंचंच घर वाटणार. आज ना उद्या कुणीतरी तीच क्लिप मूळ साइटवर शोधून काढतो, शेजारी शेजारी लावतो आणि वर लिहितो, 'बघा, सगळं बनावट.' उलटा शोध घ्यायला फार हुशारी लागत नाही, दोन मिनिटं लागतात. मग क्लिप खोटी ठरते आणि तिच्याबरोबर घटनाही खोटी ठरवली जाते. लेखात अशी चूक झाली तर एक वाक्य दुरुस्त करता येतं. व्हिडिओ एकदा व्हॉट्सॲपवर गेला की तो परत बोलावता येत नाही.

आणि ज्याचा चेहरा आपण वापरतो त्याचं काय? पेक्सेल्ससारख्या साइटच्या परवान्यात क्लिप फुकट वापरायची मुभा असली तरी एक अट आहे: ओळखू येणारी माणसं वाईट किंवा अपमानकारक रूपात दाखवायची नाहीत. कुणा अनोळखी बाईच्या चेहऱ्यावर 'या विधवेला अजून भरपाई मिळालेली नाही' असा आवाज चढवला, किंवा पांढऱ्या शर्टातल्या कुणा माणसावर 'जातीयवादी ठेकेदार' म्हटलं, तर ही अट मोडते. ते सोडा. इतकी वर्षं आपल्या चेहऱ्यांवर दुसऱ्यांनी वाटेल त्या गोष्टी चढवल्या, आणि आता आपणही तेच करायचं का? शिवाय लैंगिक अत्याचाराची केस असेल तर पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, आणि पीडित मूल असेल तर पॉक्सोचं कलम 23 लागतं. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. घराचं दार, शाळेचा फलक, गल्लीतलं किराणा दुकान यावरूनही गावातल्या माणसाला कळतं.

तर आम्ही तो व्हिडिओ काढून टाकला आणि पुन्हा केला. कसा केला ते सांगते.

आधी शब्द. मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर एका मिनिटात साधारण 120 शब्द होतात. तुमचा वेग वेगळा असेल, एक पान घड्याळ लावून वाचून बघा. या हिशोबाने माझा लेख सोळा मिनिटांचा होत होता. सहा मिनिटांच्या पुढे कुणी थांबत नाही असं पोरांचं मत पडलं, म्हणजे 700 शब्द. मला माझे 1200 शब्द कापायचे होते आणि खरं सांगते, जिवावर आलं. शेवटी जुना इतिहास पूर्ण काढला आणि एकच प्रश्न ठेवला: चेंबरमध्ये माणूस मेला तर कुटुंबाचा हक्क काय?

कापताना एक धोका असतो, तो मला इथेच समजला. लेखात माझं एक लांबलचक वाक्य होतं, 2013 च्या कायद्याच्या कलम 7 बद्दल. पोराने त्याचं बोली रूप केलं होतं, "2013 पासून गटारात माणूस उतरवायला बंदी आहे." ऐकायला झकास, पण चूक. कायद्याने बंदी घातली आहे ती धोकादायक सफाईवर, म्हणजे संरक्षक साधनं न देता आणि सुरक्षेची काळजी न घेता माणसाकडून हाताने करून घेतलेल्या सफाईवर. ठेकेदाराचा वकील याच फटीतून बाहेर पडतो: साधनं दिली होती, त्यानेच घातली नाहीत. म्हणून आम्ही वाक्य असं केलं: "संरक्षक साधनं आणि सुरक्षेची सोय नसेल तर कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईला उतरवायचं नाही. उतरवलं तर उतरवणारा गुन्हेगार. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही." वाक्यं तुटली, अट तशीच राहिली. आणखी एक केलं. लेखात मी पाच ठिकाणी 'मृत्यू झाला' लिहिलं होतं. मोठ्याने वाचताना लक्षात आलं की या वाक्यात कुणी काही केलेलंच नाही. तिथे 'उतरवलं' हे क्रियापद आणलं.

आकडे कानाला जड जातात. 'एकोणनव्वद' ऐकून आकडा डोळ्यांपुढे यायला वेळ लागतो आणि तोवर पुढचं वाक्य निघून जातं. म्हणून बोलण्यात दोनच तारखा ठेवल्या. 27 मार्च 2014: सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला 10 लाख द्यायला सांगितले. 20 ऑक्टोबर 2023: बलराम सिंग खटल्यात ही रक्कम 30 लाख झाली. हे बोलत असताना दोन्ही आकडे पडद्यावर मोठ्या अक्षरांत राहतात, आवाज थांबल्यानंतरही चार सेकंद.

मग आवाज. आवाज आधी, चित्र नंतर, हा क्रम सोडू नका. चित्र आधी लावलं की चांगल्या क्लिपसाठी वाक्य ओढलं-ताणलं जातं. रेकॉर्डिंग फोनवरच केलं, गाद्या आणि गोधड्या रचलेल्या खोलीत, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर आणि थोडा बाजूला. मावशींचे पन्नास सेकंद त्यांच्याच आवाजात घेतले. त्या म्हणाल्या, "तोंड नको दाखवू, हात दाखव." ही संमतीसुद्धा रेकॉर्ड करून वेगळी ठेवली आहे.

आता चित्रं. इथे बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये एक यादी आहे, ज्या गोष्टी पुन्हा छापल्या-दाखवल्या तर हक्कभंग होत नाही. त्यात न्यायालयाचे निकाल आहेत (न्यायालयानेच मनाई केली नसेल तर), राजपत्रातला मजकूर आहे, विधिमंडळात मांडलेले समित्यांचे आणि आयोगांचे अहवाल आहेत, आणि आपल्या टिप्पणीसह कायद्याचा मजकूरही आहे. म्हणजे आपला खरा चित्रसाठा हा आहे. फुकट आहे, आपल्याच विषयाचा आहे, आणि उलटा शोध घेऊन कुणी त्याला खोटं पाडू शकत नाही. निकालाचं पान पडद्यावर आणा, कॅमेरा हळूहळू एका ओळीवर न्या, तेवढी ओळ पिवळी करा, बाकी पान अंधुक. पान इंग्रजीत असेल तर खाली मराठी. पूर्ण पान दोन सेकंद तरी दिसू द्या, नाहीतर ओळ कुठून उचलली ते कळत नाही.

बाकीचं आम्ही फोनवर टिपलं. वस्तीतली चेंबरची झाकणं, एकही माणूस नसलेली. मावशींचे हात आणि त्या हातांत अर्जाची पोच. पोचेवरचं नाव आणि नंबर आधी धूसर केला होता, पण अक्षरं मोठी असली तर धूसर केलेलं पुष्कळदा वाचता येतं. सरळ काळी पट्टी लावली. मग खोलीचा प्रश्न आला. त्या चेंबरची खोली मावशींच्या माहितीप्रमाणे पंधरा फूट. पंधरा फूट म्हणजे किती हे कुठली क्लिप सांगणार? आम्ही विहाराच्या अंगणात पंधरा फुटांचा दोर सरळ टाकला, एका टोकाला चप्पल ठेवली आणि एका पोराला त्या दोरावरून चालायला सांगितलं. सहा पावलं. तेवढ्या वेळात मागे कुणी बोलत नाही, पावलांचाच आवाज आहे. सगळ्या व्हिडिओत लोकांनी मला सर्वांत जास्त विचारलं ते याबद्दल.

स्टॉक क्लिप अजिबात नको असं मी म्हणत नाही. 41 चित्रांत तीन ठेवल्या: रस्त्यावरचा पाऊस, रात्रीची वाहतूक, नळाचं पाणी. तिघींत कुणाचा चेहरा नाही, कुठलं ठिकाण ओळखू येत नाही आणि कुठल्याच क्लिपवर पुरावा म्हणून भार टाकलेला नाही. कोपऱ्यात 'प्रातिनिधिक दृश्य' असं लिहिलं, तेही वाचता येईल एवढ्या अक्षरांत. क्लिपचं नाव, कुणी काढली, कुठून घेतली आणि कुठल्या तारखेला, हे एका वहीत लिहून ठेवा. विकिमीडिया कॉमन्सवरून फोटो घेतला तर बहुतेक वेळा छायाचित्रकाराचं नाव द्यावंच लागतं, आणि काही परवान्यांत आपलं कामही त्याच अटीवर खुलं ठेवावं लागतं. व्हायोलिन काढलं. भीमगीत लावायचा आग्रह झाला होता, पण कंपनीचं रेकॉर्डिंग वापरलं की दावा येतो आणि व्हिडिओ म्यूट तरी होतो नाहीतर अडकतो. शिवाय विषयच वेगळा होता.

एक किरकोळ वाटणारी, पण लाज काढणारी गोष्ट: पडद्यावरची मराठी. काही ॲप्समध्ये जोडाक्षरं तुटतात, 'सर्वोच्च'चा रफार भलतीकडे जातो, पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर पडते. व्हिडिओ सुरू करण्याआधी 'सर्वोच्च', 'निर्णय' आणि 'दुसऱ्या' हे तीन शब्द टाकून बघा. तिन्ही नीट दिसले तर पुढे जा. नाही दिसले तर मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट लावून बघा, तरी तुटले तर ॲप बदला. न्यायालयाचं नाव चुकीचं लिहिलेल्या व्हिडिओवर कुणी का विश्वास ठेवावा?

शेवटी तपासणी. ज्याने लेख वाचलेला नाही अशा माणसाला आवाज बंद करून व्हिडिओ दाखवायचा आणि विचारायचं, हे कशाबद्दल आहे? पहिला व्हिडिओ मी नंतर माझ्या भाच्याला असा दाखवला. तो म्हणाला, "स्वच्छता अभियानाची जाहिरात आहे ना?" दुसरा व्हिडिओ दाखवल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "कोर्टाने कुणाला तरी पैसे द्यायला सांगितलेत, आणि ते बाईला मिळालेले नाहीत." पुढची तपासणी उलटी: डोळे मिटून नुसतं ऐकायचं. तिथे आमची एक चूक सापडली. 30 लाख म्हणताना 'कुणी द्यायचे' हे आम्ही सांगितलंच नव्हतं, कारण ते पडद्यावर लिहिलं होतं. स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्या बाईला ते कळलं नसतं. ते एक वाक्य पुन्हा रेकॉर्ड करून जोडलं. गोधड्या घड्या घालून ठेवल्या होत्या, त्यामुळे आवाज थोडा वेगळा लागतो. लक्ष देऊन ऐकलंत तर तुम्हालाही कळेल.

या सगळ्याला एका रात्रीऐवजी नऊ दिवस लागले, तेही नोकऱ्या सांभाळून, संध्याकाळचे. पोरगा अजून कुरकुरतो की पहिला व्हिडिओ जास्त 'प्रोफेशनल' दिसत होता. दिसत होताच. मावशींना दुसरा दाखवला तेव्हा त्यांनी मध्येच थांबवायला लावलं, निकालाच्या त्या पिवळ्या ओळीवर. म्हणाल्या, "याचा कागद मिळेल का? उद्या ऑफिसात न्यायचाय."